ठेकेदाराला पैसे कशाचे मिळतात?

कचरा डेपोच्या फाटकाशी जमिनीत बसवलेला एक लोखंडी वजनकाटा असतो. कॉम्पॅक्टर त्यावर येऊन उभा राहतो, केबिनमधला माणूस बटण दाबतो, चिठ्ठी बाहेर येते आणि गाडी आत जाते. शहराच्या सफाईवर खर्च होणाऱ्या कोट्यवधी रुपयांचा हिशेब या चिठ्ठीवर ठरतो, कारण अनेक महापालिकांनी कचरा उचलण्याचे काम खासगी ठेकेदाराला दिले आहे ते टनाच्या दराने. जितके टन, तितके पैसे.

सार्वजनिक-खासगी भागीदारीवरची आपल्याकडची चर्चा खासगीकरण चांगले की वाईट या एकाच प्रश्नापाशी अडकते. माझ्या मते नागरिकाने आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे. करारात ठेकेदाराला पैसे नेमके कशाचे मिळतात, आणि ते मोजतो कोण? पुढच्या वीस वर्षांत शहरात काय घडणार, याचा बराचसा अंदाज या उत्तरातून येतो.

टनाच्या दराचेच पाहू. समजा, दर टनाला हजार रुपये आहे आणि एका गाडीत पाच टन कचरा येतो. त्यात टनभर माती किंवा पाडकामाचा राडारोडा टाकला की त्या खेपेला हजार रुपये जास्त मिळतात. मुंबईत २०१७ साली कचऱ्यात डेब्रिज मिसळून वजन वाढवल्याचे प्रकार महापालिकेनेच पकडले आणि ठेकेदारांवर कारवाई सुरू केली. हा केवळ काही माणसांच्या लबाडीचा भाग नव्हता, तशी सवय लावणारी अटच करारात होती. याच अटीचा दुसरा परिणाम फारसा बोलला जात नाही, पण तो अधिक खोल आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला-सुका वेगळा करणे बंधनकारक केले. लोकांनी ओल्या कचऱ्याचे खत सोसायटीतच केले, सुका भंगारात दिला, तर डेपोवर जाणारे वजन घटते. शहर नीट वागू लागले की ठेकेदाराचे उत्पन्न कमी होते. असा करार केल्यावर घंटागाडीत दोन्ही डबे एकत्र ओतले जातात म्हणून मदतनिसावर चिडण्यात अर्थ उरत नाही.

वजनातली गडबड ओळखता येते. सुटा मिश्र कचरा घनमीटरला साधारण तीनशे ते पाचशे किलो भरतो. मातीचा भार त्याच्या तिपटीच्या आसपास जातो. अर्धी रिकामी दिसणारी घंटागाडी काट्यावर भरलेल्या गाडीइतके वजन दाखवत असेल, तर आत काय आहे ते उघडून पाहायला हवे. पावसाळ्यात कचरा भिजतो आणि वजन वाढते, ते स्वाभाविक आहे; पण दिवाळी उलटून गेल्यावरही ते खाली येत नसेल तर शंका घ्यावी. चिठ्ठ्यांवरची वेळ पाहावी. डेपोपासून वॉर्डापर्यंत जाऊन, गाडी भरून परत यायला दोन तास लागत असतील आणि त्याच गाडीची दुसरी खेप पन्नास मिनिटांनी नोंदली असेल, तर एक खेप कागदावरची आहे. रिकाम्या गाडीचे वजन प्रत्येक खेपेला घेतले जाते की वर्षापूर्वीचाच आकडा वजा केला जातो, हेही विचारावे.

पुण्यात याच कामाची वेगळी मांडणी झाली. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या कचरावेचकांच्या संघटनेतून उभी राहिलेली 'स्वच्छ' सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. कचरावेचकाला पैसे मिळतात ते घरटी दरमहा शुल्काचे, आणि सुका कचरा विकून जे येतील ते त्याचेच. त्यामुळे वजन फुगवण्यात त्याला काही लाभ नाही. उलट कचरा नीट वेगळा मिळाला तर चार पैसे जास्त सुटतात. ही रचनाही बिनधोक्याची नाही. शुल्क नाकारणाऱ्या घराचा तोटा थेट कष्ट करणाऱ्या माणसाच्या अंगावर पडतो, महापालिकेच्या तिजोरीवर नाही.

पाण्याचे गणित याहून गुंतागुंतीचे, आणि त्याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नागपूर महापालिकेने १ मार्च २०१२ पासून संपूर्ण शहराच्या पाणीपुरवठ्याचे काम २५ वर्षांसाठी ऑरेंज सिटी वॉटर या कंपनीकडे दिले. फ्रान्सच्या व्हिओलियाची भारतीय कंपनी आणि नागपूरची विश्वराज, अशी ती भागीदारी. सुरुवातीच्या ३८७ कोटींच्या कामांपैकी सत्तर टक्के पैसा केंद्र आणि राज्याच्या अनुदानाचा, तीस टक्के ठेकेदाराचा. जलवाहिन्या, टाक्या, शुद्धीकरण केंद्रे महापालिकेच्या मालकीचीच राहिली. पाणीपट्टीचा दर ठरवण्याचा अधिकारही तिच्याकडेच राहिला.

या करारातली पैसे देण्याची अट मला विचारपूर्वक घातलेली वाटते. ठेकेदाराला किती पाणी सोडले याचे पैसे मिळत नाहीत. ज्या पाण्याचे बिल झाले आणि वसूलही झाले, त्या प्रत्येक युनिटमागे, म्हणजे हजार लिटरमागे, मूळ दर होता ७ रुपये ९० पैसे. समजा, एखाद्या भागात महिन्याला एक लाख युनिट पाणी सोडले आणि निम्म्याचेच बिल वसूल झाले, तर ठेकेदाराला ३ लाख ९५ हजार मिळतील. गळती आणि चोरी आटोक्यात आणून वसुली पाऊण लाख युनिटांवर नेली, तर ५ लाख ९२ हजार ५००. जमिनीत मुरणारे पाणी वाचवले की पदरात पैसे पडतात, असा हा डाव आहे.

पण वसूल युनिट वाढवायचे रस्ते एकाहून अधिक आहेत. रस्ते खोदून जुनी गळकी वाहिनी बदलणे हा खरा रस्ता, पण खर्चिक आणि वेळखाऊ. बेकायदा जोडण्या नियमित करणे हा दुसरा. तिसरा रस्ता मीटरचा. जिथे पाणी ठरावीक वेळच येते तिथे नळ सुटताना आधी पाइपातली हवा जोराने बाहेर पडते, आणि मीटरचे चाक तिच्यावरही फिरते. त्या हवेचेही बिल घराच्या माथी येते. चोवीस तास पाणी असेल तर पाइप कधी रिकामा होत नाही आणि ही तक्रार उरत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी अखंड दाब, मग मीटरवरचे बिल. नागपूरकरांना पहिल्या पाच वर्षांत शहरभर चोवीस तास पाण्याचे आश्वासन होते; ते त्या मुदतीत पूर्ण झाले नाही. बिल न होणारे पाणी २५ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्टही वेळेत गाठले गेले नाही. जोडण्या बदलून मीटर मात्र मोठ्या प्रमाणावर बसले.

आणखी एक गोष्ट कराराच्या आकड्यांत दिसत नाही. ठेकेदाराचा दर सूत्रानुसार वाढत जातो. त्याच वेळी गरीब वस्तीतला किंवा कमी वापराच्या टप्प्यातला पाणीपट्टीचा दर नगरसेवक वाढू देत नाहीत, आणि तेही योग्यच आहे. पण ठेकेदाराचा दर आणि ग्राहकाचा दर यांतले अंतर कमी होत गेले, तर कच्चे पाणी, कर्ज, कर्मचारी यांसाठी महापालिकेच्या हाती काही उरत नाही. टप्प्याचा दर ठेकेदाराच्या दरापेक्षाही कमी असेल, तर वाढणाऱ्या प्रत्येक युनिटमागे पालिका तोटाच सोसते.

आणि पाऊसच झाला नाही तर? २०१९ च्या उन्हाळ्यात नागपूरला पाणी देणारा पेंच प्रकल्प आटला. वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्याने पेंचमध्ये येणारे पाणी आधीच कमी झाले होते. जुलैत नागपुरात दिवसाआड पाणी द्यावे लागले. धरणातले पाणी ही महापालिकेची जबाबदारी होती. धोका कोणाच्या वाट्याला किती, हे करारात ठरते. पण ज्या धोक्यावर ठेकेदाराचा काही ताबा नाही तो शेवटी शहराकडेच येतो. चोवीस तासांची पाटी लावणाऱ्याने हे लोकांना आधीच सांगायला हवे.

नागपूरचा करार निदान चालू राहिला. औरंगाबादचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, मध्येच मोडला. जायकवाडीतून शहरापर्यंत ७०० आणि १४०० मिलिमीटरच्या जुन्या जलवाहिन्या अपुऱ्या पडत होत्या. तिसरी मोठी वाहिनी टाकण्यासाठी 'समांतर' योजना आखली गेली. ३५९ कोटींची योजना २०११ मध्ये करार होईपर्यंत ७९२ कोटींवर गेली होती. ठेकेदार कंपनीच्या हाती पाणीपुरवठा आला तो सप्टेंबर २०१४ मध्ये. वसुली आणि मीटरची चर्चा शहरात रंगली. जायकवाडीहून येणारी मुख्य वाहिनी मात्र टाकली गेली नाही. २०१६ मध्ये महापालिकेने करार रद्द केला आणि प्रकरण न्यायालयात गेले.

माझ्या दृष्टीने खरा धडा त्यानंतरचा आहे. योजनेसाठी महापालिकेने पाणीपट्टी दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवण्याचे ठरवले होते. दहा टक्के ऐकायला कमी वाटतात. आठ वर्षांत रक्कम दुपटीहून अधिक होते. करार गेला, कंपनी गेली, वाहिनी आलीच नाही, पण वाढ चालू राहिली. अर्धा इंची नळाची वार्षिक पट्टी ४०५० रुपयांवर पोहोचली, आणि पाणी आठवड्यातून एकदा येत होते. २०२२ मध्ये लोकांच्या संतापानंतर ती निम्मी, २०२५ रुपये झाली. दरवाढ कामाच्या टप्प्याला बांधलेली असती, म्हणजे वाहिनीतून पाणी आल्याशिवाय पहिली वाढ नाही असे लिहिले असते, तर हा भुर्दंड बसलाच नसता. शहरासाठी पुढे नवी योजना करावी लागली. ती १६८० कोटींची होती आणि नंतर २७०० कोटींच्या वर गेली. उशिराची किंमत या आकड्यांत आहे.

मोडलेल्या आणि रखडलेल्या करारांत एक दोष पुन्हा पुन्हा सापडतो. सुरुवातीची स्थिती मोजलेलीच नसते. टाकीच्या तोंडाशी मोठे मीटर नसतात, आणि गळती 'सुमारे चाळीस टक्के' अशी अंदाजाने लिहिली जाते. तीन वर्षांनी ठेकेदार म्हणतो, गळती मुळात साठ टक्के होती, मी पन्नासवर आणली. पालिकेकडे ते खोडून काढायला कागद नसतो. कराराआधी वर्षभर टाक्यांचे मोजमाप केले असते तर हा वाद उद्भवला नसता. देखरेखीसाठी नेमलेल्या सल्लागाराचा पगार कोण देतो, हेही इथेच पाहावे लागते. तो ठेकेदाराकडून येत असेल, तर त्या देखरेखीवर मी विसंबणार नाही.

तुमच्या शहरात असा करार आधीच झालेला असण्याची शक्यता मोठी आहे. माहिती अधिकाराचा अर्ज करून चार गोष्टी मागा: करारातले दर आणि दरवाढीचे सूत्र असलेले पान, सुरुवातीच्या मोजमापाचा अहवाल, गेल्या तीन महिन्यांच्या वजनकाट्याच्या किंवा टाकीवरच्या मीटरच्या नोंदी, आणि ठेकेदाराला लावलेल्या दंडाचा हिशेब. पुढच्या निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या उमेदवारासमोर तेच कागद ठेवा आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारा: ठेकेदाराला पैसे नेमके कशाचे मिळतात?