उसने पैसे परत मागायचं पत्र

कोल्हापुरात ज्याला दिवसातून दहादा 'भावा' म्हणतो, त्याच्याकडे उसने पैसे मागायचे म्हणजे जीभच रेटत नाही. म्हणून पत्र लिहा, पण फार उशीर करू नका. 1963च्या मुदत कायद्यानुसार अशा पैशांचा दावा साधारणपणे दिल्या तारखेपासून तीन वर्षांतच करता येतो. तुमच्या पत्रामुळे ही मुदत वाढत नाही. मात्र ती संपण्याआधी मित्राने देणं मान्य असल्याचं लिहून सही केली, तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात.

मित्र ऊस लावणारा असेल, तर पत्र असं:

"भावा, जून 2024मध्ये बोअरसाठी तू चाळीस हजार नेले होतेस. आता घराच्या कामाला मला ते लागतायत. एकदम नको. उसाचं बिल आलं की वीस दे, उरलेले दिवाळीपर्यंत. दुसरी तारीख सोयीची असेल तर ती धर. खाली देणं मान्य आहे तेवढं लिहून सही कर आणि रविवारी मिसळीला येताना घेऊन ये."

व्याज ठरलं नसेल तर आता काढू नका. आणि पत्र त्याच्याच हातात द्या. वहिनींना हे उसने माहीत नसतील, तर भलतंच व्हायचं!