प्रबंधातला ‘मी’

मराठी प्रबंधांत ‘मी’ क्वचितच भेटतो. त्याच्या जागी ‘प्रस्तुत संशोधक’ असतो, नाहीतर कर्ता वाक्यातून पार नाहीसा झालेला असतो: ‘माहिती संकलित करण्यात आली’, ‘निष्कर्ष काढण्यात आला’. अशी भाषा वस्तुनिष्ठ समजली जाते. पण विधान वस्तुनिष्ठ आहे की नाही, हे दुसऱ्या कोणाला ते पडताळून पाहता येते का यावर ठरते, प्रयोग कर्तरी की कर्मणी यावर नव्हे. प्रकाश आणि रंग यांवरचा न्यूटनचा 1672चा निबंध प्रथमपुरुषातच आहे. लोलक कसा मिळवला, खोली कशी अंधारी केली, हे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो, आणि त्याने निबंधाचे वजन कमी झालेले नाही.

‘मी’ कुठे लागतो हे एका कल्पित उताऱ्यावरून पाहता येईल. विषय आहे ग्रामीण पाणीपुरवठा. संशोधक लिहितो: ‘अभ्यासासाठी तीन गावे निवडण्यात आली. मला असे आढळले की, 40 पैकी 31 कुटुंबांना एक दिवसाआड पाणी मिळते. टँकरमुळे नळयोजनेची दुरुस्ती लांबणीवर पडते, असे मानले जाते.’

पहिल्या वाक्यात गावे कोणी निवडली? संशोधकाने स्वतः निवडली, की ग्रामसेवकाने सुचवली? सुचवलेली गावे बहुधा योजना बरी चाललेली असणार, म्हणजे निष्कर्ष तिथेच एका बाजूला झुकतो. ‘निवडण्यात आली’ या क्रियापदाने नेमकी हीच माहिती गिळली आहे. मराठीत तर यासाठी ‘-ण्यात आली’ अशा रचनेचा खटाटोपही लागत नाही. ‘मुलाखती घेतल्या’ या वाक्यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, त्यामुळे ‘मी’ गाळला तरी वाक्य लंगडत नाही आणि वाचकाच्या लक्षातही येत नाही. इथे सरळ लिहावे: ‘मी तीन गावे निवडली, त्यांपैकी दोन ग्रामसेवकांनी सुचवली होती.’

दुसऱ्या वाक्यात उलट चूक आहे. कुटुंबे मोजायला दुसरे कोणी गेले असते तरी 31च भरली असती. ‘मला असे आढळले की’ हे शब्द काढून टाकले तर वाक्य आकड्यापासून सुरू होते, आणि वाद घालायचा तर तो आकड्याशी घालावा लागतो. ‘मला वाटते’ जोडले की तेच विधान एकाचे मत होऊन बसते. व्यक्तिनिरपेक्ष शैलीची खरी जागा ही आहे: मोजमापे, व्याख्या, सिद्धता, पुराव्यातून निघणारे निष्कर्ष. सावधगिरी दाखवायची असेल तर ती ‘मला वाटते’ने नव्हे, ‘या तीन गावांपुरते’ अशा मर्यादेने दाखवावी.

तिसरे वाक्य सर्वांत फसवे. ‘मानले जाते’ म्हणजे कोण मानते? गावकरी, पूर्वीचे अभ्यासक, की खुद्द लेखक? लेखकाचाच तर्क असेल तर ‘माझा तर्क असा आहे’ म्हणून पुढे कारण द्यावे. ‘प्रस्तुत संशोधक’ म्हणूनही भागत नाही. आधीच्या परिच्छेदात दुसऱ्या संशोधकाचे नाव येऊन गेले असेल तर घोटाळाच होतो. एकट्याने लिहिलेल्या लेखातला ‘आम्ही’ही तसाच, संशोधनाला सहलेखक होता की काय, असा प्रश्न पडतो. ‘आपण पाहिलेच आहे’ यातला ‘आपण’ तर वाचकाची संमती न विचारताच गृहीत धरतो.

काही विषयांत मात्र ‘मी’ हा पुराव्याचाच भाग असतो. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी 1948 साली म्हैसूर भागातल्या एका खेड्यात राहून अभ्यास केला. 1970 साली स्टॅनफर्ड येथील संशोधन केंद्राला लावलेल्या आगीत त्यांची संस्कारित टिपणे जळाली, आणि ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ (1976) हे पुस्तक त्यांनी मुख्यतः स्मरणावरून लिहिले. अशा ग्रंथातून ‘मी’ काढला तर माहिती कुठून आली हेच कळेनासे होईल. श्रीनिवासांसारखा ब्राह्मण अभ्यासक पाटलाच्या आश्रयाने राहिला, तर कोणती घरे त्याला सहज उघडी होती आणि कोणती नव्हती, हे वाचकाला कळायलाच हवे. तिथे ‘निरीक्षण करण्यात आले’ असे लिहिणे म्हणजे निरीक्षणाची अट लपवणे. पण आत्मकथन म्हणून येणारा ‘मी’ वेगळा. प्रवासात झालेले हाल माहितीवर परिणाम करत नसतील, तर ते प्रस्तावनेत शोभतात, पद्धतीच्या प्रकरणात नाहीत.

कच्च्या खर्ड्यातल्या प्रत्येक कर्ताहीन क्रियापदाला ‘कोणी?’ असा प्रश्न विचारावा. उत्तराने निष्कर्ष बदलू शकत असेल तर कर्ता लिहावा. उत्तर ‘कोणीही’ असेल तर कर्त्याची गरज नाही. विद्यापीठाचा किंवा नियतकालिकाचा नियम आधी पाहावा, हे ओघाने आलेच. मानसशास्त्रात आणि इतर सामाजिक शास्त्रांत सर्रास वापरली जाणारी अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखनपुस्तिका स्वतःच्या कामाविषयी लिहिताना प्रथमपुरुषच वापरायला सांगते.