४९ नव्हे, ४० लाख

दुकानांपर्यंत माल पोचवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत विक्रीचा साप्ताहिक अहवाल आता बहुधा कुणी हातानं बनवत नाही. रविवारी रात्री संगणक ऑर्डरींच्या नोंदी उचलतो, विभागवार बेरीज करतो आणि सोमवारी सकाळी अहवाल सगळ्या रिजनल मॅनेजरांच्या ईमेलवर जाऊन पोचतो. त्यातला एखादा आकडा चुकला, तर दुरुस्ती कळवण्याचं काम कंपनीच्या डेटा विश्लेषकाकडे येतं. तो ईमेल कसा लिहिला जातो, यावर पुढचे बरेच निर्णय अवलंबून असतात.

समजा, गेल्या सोमवारच्या अहवालात नाशिक विभागाची विक्री ४९ लाख रुपये दिसली. आधीच्या आठवड्यात ती ४१ लाख होती, म्हणजे वाढ जवळजवळ वीस टक्के. दोन दिवसांनी विश्लेषक मुलीनं हा आकडा हिशेब खात्याच्या बिलांशी ताडून पाहिला, तर तिथं ४० लाखच निघाले. वाढ तर नव्हतीच, उलट विक्री थोडी घटली होती.

कारण शोधायला तिनं ओळी मोजल्या. नाशिकच्या ऑर्डरी होत्या ४०० आणि अहवालामागच्या तक्त्यात ओळी होत्या ४६०. त्या आठवड्यात मॅनेजरांच्याच मागणीवरून अहवालात माल रवाना झाल्याची तारीख नव्यानं आली होती. त्यासाठी ऑर्डरींचा तक्ता डिस्पॅचच्या तक्त्याशी जोडला गेला. नाशिकचं गोदाम लहान असल्यामुळे तिथल्या ६० मोठ्या ऑर्डरींचा माल दोन खेपांत गेला होता. खेपा दोन म्हणून ऑर्डरीच्या ओळी दोन, आणि दोन्ही ओळींवर पूर्ण रक्कम. या ६० ऑर्डरींचे ९ लाख दोनदा धरले गेले. पुण्याचा माल एकाच खेपेत जातो, म्हणून पुण्याचा आकडा बरोबर राहिला. अशी चूक लपते ती याचमुळे: संगणक कुठलीही तक्रार करत नाही आणि बाकीचे विभाग नेहमीसारखेच दिसतात.

दुरुस्तीतही एक खड्डा आहे. घाईत `SUM(DISTINCT amount)` लिहून सारख्या रकमा एकदाच धरायचा मोह होतो. पण दोन वेगळ्या दुकानांनी प्रत्येकी १५ हजारांची ऑर्डर दिली असेल, तर त्यातली एक गळते आणि बेरीज आता उलट्या बाजूनं चुकते. योग्य उपाय म्हणजे आधी प्रत्येक ऑर्डरीच्या सगळ्या खेपा एका ओळीत आणायच्या आणि मगच तक्ते जोडायचे.

आता ईमेल. विषयाच्या ओळीतच ‘दुरुस्ती: नाशिकची गेल्या आठवड्याची विक्री ४० लाख, ४९ लाख नव्हे’ असं असावं, कारण प्रवासात फोनवर वाचणारा मॅनेजर तेवढंच पाहतो. पुढचा मजकूर असा:

‘नमस्कार. सोमवारच्या अहवालात नाशिकची विक्री ९ लाखांनी जास्त दाखवली गेली. दोन खेपांत पाठवलेल्या ऑर्डरी दोनदा मोजल्या गेल्या होत्या. इतर विभागांचे आकडे बिलांशी ताडले, ते बरोबर आहेत. डिस्पॅचची तारीख याच आठवड्यात जोडली असल्यानं आधीच्या अहवालांवर परिणाम नाही. मागचे चार अहवाल तपासले आहेत. सोमवारच्या आकड्यावरून नाशिकसाठी जादा माल मागवला असेल किंवा टार्गेट वाढवलं असेल, तर कृपया ते थांबवा. सुधारित अहवाल सोबत आहे.’

‘तांत्रिक अडचणीमुळे काही आकड्यांत तफावत आढळली’ हे वाक्य मला अशा ईमेलमध्ये अजिबात चालत नाही. कोणते आकडे, किती तफावत आणि मी काय करू, या तिन्ही प्रश्नांना ते उत्तर देत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यानं कोविडच्या आकड्यांची दुरुस्ती जाहीर केली, तेव्हा २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटल्याचं नेमकं सांगितलं. एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत ठरावीक ओळींच्या पुढे नोंदी मावल्या नव्हत्या. रुग्णांना त्यांचे निकाल वेळेवर कळले होते, संपर्कातल्या लोकांचा शोध मात्र लांबला होता, हेही त्यातून स्पष्ट झालं. कशावर परिणाम झाला आणि कशावर नाही, हे वाचणाऱ्याला समजलं.

हा ईमेल एकट्या नाशिकच्या मॅनेजरला पाठवून भागत नाही. ४९ लाखांचा स्क्रीनशॉट एव्हाना व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरलेला असतो आणि दुसऱ्या विभागात त्याच्याशी तुलना झालेली असते. म्हणून ज्यांना मूळ अहवाल गेला, त्या सगळ्यांना दुरुस्ती जायला हवी. जुनी फाइल गुपचूप बदलू नये. नव्या फाइलीच्या नावात ‘सुधारित’ आणि तारीख असावी.

तुमच्याकडे असा अहवाल येत असेल, तर रकमेशेजारी ऑर्डरींची संख्या आणि तक्त्यातल्या ओळींची संख्या, दोन्ही छापायला सांगा. ४०० च्या शेजारी ४६० दिसले, तर बिलं उघडण्याआधीच विश्लेषकाला फोन करता येतो.