स्टँड-अपला उशिरा येणारा सहकारी

स्क्रम पद्धतीत रोजच्या स्टँड-अप बैठकीला जास्तीत जास्त 15 मिनिटे दिलेली असतात. दहाच्या बैठकीला कुणी दहा वाजून आठ मिनिटांनी आला, की निम्मी चर्चा त्याच्याविना होऊन गेलेली असते. अशा वेळी बैठक थांबवू नये आणि झालेले पुन्हा सांगतही बसू नये. तसे केल्यास वेळेवर आलेल्यांनाच शिक्षा होते. सर्वांसमोर टोमणा किंवा दंडाचा डबा तर नकोच, त्याने माणूस दुखावतो आणि उशिराचे कारण झाकलेलेच राहते.

त्याच दिवशी एकट्याला गाठून, चॅटवर न लिहिता, प्रत्यक्ष किंवा फोनवर बोलावे: “या आठवड्यात तीनदा तुम्ही दहानंतर आलात. आज टेस्टिंगवाल्यांना तुमच्याकडून बिल्डची माहिती हवी होती, ते दुपारपर्यंत अडकले. सकाळी काही अडचण आहे का?” एवढे विचारून गप्प राहावे. मुलाला शाळेत सोडणे हे कारण निघाले, तर बैठक सव्वादहाला नेण्याचा प्रस्ताव टीमपुढे ठेवता येतो. त्यात त्याचे नाव घेण्याची गरज नसते. तसे कारण नसेल, तर सोमवारपासून दहाला हजर राहण्याचा स्पष्ट शब्द घ्यावा. दोन आठवड्यांनी तेच दिसले, तर व्यवस्थापकाशी बोलावे, पण आधी त्याला तसे सांगूनच.