दोन कोटींचे घर, हाती साठ लाख

पुण्यातला जुना बंगला दोन कोटींना विकला आणि सगळा खर्च वजा जाता नफा दीड कोटी झाला, असे धरू. 80 लाखांचा लिफ्टवाला फ्लॅट घेताना 7 टक्के मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून 86 लाख लागतात. तेवढा नफा करमुक्त होतो. सहा महिन्यांत 50 लाख करबचत रोख्यांत घातले, तर उरलेल्या 14 लाखांवर साडेबारा टक्क्यांनी पावणेदोन लाखांच्या आसपास कर बसतो. दोन लाख दलाली गेल्यावर मोकळे उरतात साठ लाख. रोखे पाच वर्षे अडकतात, नवा फ्लॅट तीन वर्षांत विकला तर सवलत जाते. जिना सुटतो, पण दिवाळीला सगळी भावंडे एका छताखाली झोपत, ती जागाही जाते.