अर्जाचा पहिला परिच्छेद आटवताना

एक अर्ज समोर ठेवू. उदाहरण माझं, रचलेलं. पण असे अर्ज ज्यांनी वाचले आहेत त्यांना तो ओळखीचा वाटेल. अर्ज करणाऱ्या बाई बेचाळीस वर्षांच्या. राष्ट्रीयीकृत बँकेत सोळा वर्षं कृषी अधिकारी. आता त्यांना वाशिम जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मुख्य कार्यकारी अधिकारी व्हायचं आहे. कंपनी सभासदांचं सोयाबीन विकत घेते, साठवते आणि विकते. अर्ज वाचणार संचालक मंडळ, म्हणजे पाच-सात शेतकरी. बायोडेटासोबतच्या पत्राचा पहिला परिच्छेद असा :

“आपल्या कंपनीने प्रसिद्ध केलेल्या जाहिरातीच्या अनुषंगाने मी मुख्य कार्यकारी अधिकारी या पदासाठी अर्ज करीत आहे. गेली १६ वर्षे मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत कृषी अधिकारी म्हणून विविध शाखांमध्ये यशस्वीपणे काम केले आहे. शेतकऱ्यांसाठी काहीतरी करण्याची तळमळ मला पहिल्यापासूनच असून कारकिर्दीच्या या टप्प्यावर नवे आव्हान स्वीकारण्याची माझी इच्छा आहे. शेतकरी उत्पादक कंपनी चालवण्याचा प्रत्यक्ष अनुभव मला नसला, तरी नेतृत्वगुण, संवादकौशल्य आणि नव्या गोष्टी लवकर शिकण्याची तयारी माझ्याकडे आहे. माझ्या अनुभवाचा आपल्या संस्थेस निश्चितच उपयोग होईल, असा विश्वास वाटतो.”

शहात्तर शब्द. व्याकरण चोख, सूर नम्र. आणि तरीही वाचून झाल्यावर संचालकांच्या मनात एकच प्रश्न उरतो : बँकेतली बाई इकडे कशाला येते?

हा प्रश्न क्षेत्र बदलणाऱ्याच्याच वाट्याला येतो. एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाणाऱ्याला तो कुणी विचारत नाही. त्याचं पदनामच उत्तर देतं. क्षेत्र बदलताना मात्र बायोडेटा उलटा साक्षीदार होतो. जितकी वर्षं जास्त, तितका माणूस जुन्या घरचाच वाटतो. त्यामुळे सोळा वर्षं जिथे अभिमानाने लिहिली आहेत, तिथेच ती अंगावर येतात.

आता कात्री. पहिलं वाक्य जाऊ द्या. पदाचं नाव पत्राच्या विषयाच्या ओळीत असतंच. शेवटचंही जाऊ द्या, कारण विश्वास वाचणाऱ्याला वाटायला हवा. उरलेल्या तिन्हींसाठी एक साधी परीक्षा आहे. परिच्छेदातून बँक आणि कंपनी ही नावं झाका आणि त्याच ओळी शाळेच्या किंवा हॉटेलच्या अर्जात घालून बघा. तळमळ, आव्हान, नेतृत्वगुण, संवादकौशल्य : सगळं तिथेही तितकंच चपखल बसतं. जे कुठेही बसतं ते इथलं नाही. ही परीक्षा लावली की शहात्तर शब्दांतून हाती लागतो एवढाच ऐवज : सोळा वर्षं, बँक, कृषी अधिकारी.

बहुतेक माणसं इथे घाबरतात आणि काढलेली विशेषणं परत भरायला लागतात. खरं तर गंमत इथूनच सुरू होते. जुनं आणि नवं काम जोडणारा दुवा गुणांमध्ये शोधला तर सापडत नाही. तो एखाद्या कागदात किंवा निर्णयात सापडतो, जो दोन्ही कामांत येतो. फक्त टेबलाची बाजू बदलते. आपल्या बाईंसाठी तो कागद म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाचा प्रस्ताव. उत्पादक कंपनी तो लिहिते, बँकेतला कृषी अधिकारी तो तपासतो. जे काम नवं म्हणून त्या मागत आहेत, त्याचा दुसरा अर्धा भाग त्या वर्षानुवर्षं करतच होत्या.

या कागदात काय दडलेलं असतं ते जरा थांबून बघण्यासारखं आहे. लहान उद्योगांना खेळतं भांडवल किती द्यायचं, यासाठी बँका एक सोपा हिशेब वापरतात. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीने १९९२ मध्ये सुचवलेला : वर्षाच्या अपेक्षित उलाढालीच्या पंचवीस टक्के गरज धरायची, त्यातले वीस टक्के बँकेचे, पाच उद्योजकाचे. यामागे गृहीत असं, की पैसा वर्षातून साधारण चार वेळा फिरून येतो. किराणा दुकानाचा तसा येतही असेल. सोयाबीनचा येत नाही. समजा कंपनीची उलाढाल दोन कोटींची आहे. हिशेबाने बँकेकडून मिळतील चाळीस लाख. पण वाशिममध्ये सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकदम बाजारात येतं आणि त्या काही आठवड्यांत कंपनीला सव्वा कोटीचा माल घ्यावा लागतो. त्यातला निम्मा लगोलग विकला, तरी साठ लाखांहून जास्त रक्कम गोदामात अडकते. शेतकरी थांबू शकत नाही. त्याला रब्बीचं बियाणं घ्यायचं असतं. रोख मिळाली नाही, की माल आडत्याकडे. उलट मे महिन्यात त्याच कंपनीला कर्जाची गरज जवळजवळ शून्य असते. साखर कारखान्यांसारख्या हंगामी धंद्यांसाठी बँका म्हणूनच महिन्यामहिन्याच्या जमाखर्चाचा अंदाज मागतात, ज्याला त्या कॅश बजेट म्हणतात. कंपनीने तो जोडलाच नाही आणि नुसते साठ लाख मागितले, तर शाखेतल्या अधिकाऱ्याला ते साठ कशाच्या आधारावर धरायचे हे कळत नाही. प्रस्ताव परत जातो.

हे सगळं पत्राच्या पहिल्या परिच्छेदात लिहायचं नाही. पण ज्याला हे माहीत आहे त्याच्या वाक्यात एखादाच शब्द असा पडतो, की ऐकणाऱ्याला मागची अख्खी खोली दिसते. इथे तो शब्द ‘महिनावार’ आहे.

बाईंनी पहिल्या फेरीत नवी सुरुवात अशी केली : “सोयाबीन काढणीच्या काळात रोख पैसे देता आले नाहीत, तर शेतकरी माल आडत्याकडे नेतो आणि कंपनीचे गोदाम रिकामे राहते.” वाक्य खरं आहे, नेटकं आहे आणि चुकीच्या जागी आहे. ज्यांची गोदामं रिकामी राहिली त्यांनाच गोदाम का रिकामं राहतं हे शिकवणं बरं दिसत नाही. क्षेत्राबाहेरून येणाऱ्याच्या लिखाणात हा दोष फार आढळतो. आपण नव्याने शिकलेली गोष्ट वाचणाऱ्यालाही नवी असेल असं वाटतं.

दुरुस्ती सोपी निघाली, आणि ती का चालते याचं उत्तर भाषाशास्त्रात आहे. गेल्या शतकात प्रागमध्ये व्हिलेम माथेसियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाक्याकडे असं पाहायला सुरुवात केली, की ते ऐकणाऱ्याला ठाऊक असलेल्या गोष्टीपासून निघतं आणि नव्या गोष्टीकडे जातं. संचालकांना सगळ्यांत ठाऊक काय? त्यांनीच दिलेली जाहिरात. तेव्हा सुरुवात तिथून.

मराठीत याला आणखी एक खुबी जोडलेली आहे. ‘मी ३१ प्रस्ताव बँकेत तपासले’ आणि ‘बँकेत मी ३१ प्रस्ताव तपासले’ ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. शब्द पाचच आणि तेच. पहिल्यात भर बँकेवर पडतो, जणू कुणी ‘कुठे?’ विचारलं होतं. दुसऱ्यात तो एकतीस प्रस्तावांवर पडतो. आपल्याकडे क्रियापदाच्या अगदी आधीची जागा वजनाची असते. क्षेत्र बदलणाऱ्याने तिथे जुन्या संस्थेचं नाव ठेवलं, तर वाचणाऱ्याच्या कानात तीच संस्था घुमत राहते. ती पुढे सरकवून त्या जागी काम आणून बसवलं, की एक शब्दही न बदलता माणूस अर्धा इकडे आलेला असतो. मला हे दर वेळी जादूसारखं वाटतं.

क्रियापदही तपासून घ्यावं लागलं. बाईंना ‘३१ प्रस्ताव मंजूर केले’ लिहायचा मोह होता. पण शाखेतला कृषी अधिकारी छाननी करतो, शिफारस करतो किंवा अपुरा प्रस्ताव परत पाठवतो; एवढ्या रकमेची मंजुरी बहुधा वरच्या कार्यालयाची. संचालक मंडळात बँकेचे उंबरठे झिजवलेला एखादा असतोच, आणि त्याला हा फरक तत्काळ कळतो. ‘तपासले’ हा शब्द लहान दिसतो, पण तो टिकतो. कोणत्या कंपन्यांचे प्रस्ताव, हे मात्र लिहायचं नाही. ग्राहकांची गुप्तता बँक सोडल्यावरही पाळायची असते, आणि जी बाई दुसऱ्यांची नावं सांगते ती उद्या आमचीही सांगेल, हे शेतकऱ्याला लगेच उमगतं.

शेवटी उरलं ते असं :

“तुमच्या जाहिरातीत पहिली जबाबदारी आहे ती काढणीच्या हंगामात खेळते भांडवल उभे करण्याची. बँकेत कृषी अधिकारी म्हणून गेल्या सात वर्षांत मी उत्पादक कंपन्यांचे असे ३१ प्रस्ताव तपासले आणि त्यांतले १९ मला परत पाठवावे लागले, कारण पैसा कोणत्या महिन्यात किती अडकणार, हे त्यांत मांडलेले नव्हते. तुमच्या सोयाबीनचा तो महिनावार हिशेब काढणीआधी तयार करून मंजुरीपर्यंत नेणे, हे काम मला करायचे आहे.”

अठ्ठावन्न शब्द. फक्त अठरा कमी! दूध आटवलं की भांड्यात कमी दिसतं पण साय जास्त धरते, तसं काहीसं. सोळा वर्षांची सात झाली, कारण उरलेली नऊ या कामाशी बोलत नाहीत. ती बायोडेटात आहेतच. तळमळ हा शब्द गेला. ‘नवे आव्हान’ गेलं. बँक का सोडता, याचं उत्तर कुठेही दिलेलं नाही आणि तरी प्रश्न पडत नाही.

आणखी आटवता आलं असतं. ‘३१ प्रस्ताव तपासले, तुमचा बत्तिसावा मंजूर करून आणते’ असा एक सुटसुटीत पर्याय सुचतोच. तो चटकदार आहे आणि तोट्याचा. कसले प्रस्ताव, का अडले, हे गेल्यामुळे आकडा नुसती फुशारकी होतो. शिवाय मंजुरी देणं बाईंच्या हातात नाही, त्यामुळे वचन खोटं ठरतं. तोडायचं थांबवायची खूण हीच : कापलेल्या शब्दासोबत कारणही गेलं, की तो शब्द परत आणायचा.

‘१९ परत पाठवावे लागले’ हे काही संचालकांना बोचेल. त्यांचाही एखादा प्रस्ताव कुठल्यातरी शाखेतून परत आलेला असणार. मी तरी ते ठेवीन. परिच्छेद जमला की नाही हे जाणून घ्यायचं असेल, तर तो नव्या क्षेत्रातल्या कुणाला तरी वाचून दाखवावा आणि गप्प बसावं. पहिला प्रश्न ‘बँक का सोडताय?’ असा आला, तर पुन्हा लिहायला बसावं. ‘ते एकोणीस नेमके कशाने अडले?’ असा आला, तर मुलाखत त्या विषयावर सुरू झाली आहे ज्यातलं बाईंना खोलीतल्या कुणाहीपेक्षा जास्त कळतं.

आणि अनुभव नसल्याचं काय? ‘नसला, तरी’ ही जोडणी पहिल्या परिच्छेदातून काढली, पण वस्तुस्थिती लपवायची नाही. ती दुसऱ्या परिच्छेदात, ‘तरी’शिवाय, सरळ येते : “माल विकण्याचा, व्यापाऱ्याशी भाव ठरवण्याचा अनुभव मला नाही. पहिल्या हंगामात विक्रीचे निर्णय मी तुमच्यापैकी जे संचालक आज ते पाहतात त्यांच्याबरोबर घेईन.”