तिकीट बंद झालं, पैसे मात्र आले नाहीत: बँकेशी वाद लांबला तर काय काय जपून ठेवाल?



आज माझ्याच चुकीचा हिशोब तुमच्यापुढे मांडतो. रक्कम छोटी आहे, 1770 रुपये. पण ती का बुडाली हे समजलं, तर तुमची मोठी रक्कम वाचू शकते.

दुकानातलं स्वाइप मशीन मी 12 जून 2025 ला परत केलं. क्यूआर कोडवरच सगळं चालत होतं, मग भाडं कशाला भरायचं? बँकेचा माणूस आला, मशीन घेतलं आणि "मेसेज येईल साहेब" म्हणून निघून गेला. पोचपावती मी मागितली नाही. ही पहिली चूक.

5 जुलैला करंट खात्यातून भाडं कापलं गेलं. 500 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590. मी कस्टमर केअरला फोन केला. तिथल्या बाईंनी तक्रार नोंदवली, नंबर सांगितला आणि मी तो एका बिलाच्या पाठीमागे लिहिला. ते बिल कुठे गेलं, देव जाणे. ही दुसरी चूक आणि हीच महागात पडली.

5 ऑगस्टला पुन्हा 590 गेले. शाखेत जाऊन आलो. "सिस्टीमला टाकलंय" असं उत्तर मिळालं, हातात कागद काहीच नाही. 5 सप्टेंबरला तिसऱ्यांदा कापले, तेव्हा कुठे 8 सप्टेंबरला मी ईमेल केला. त्याचा तिकीट नंबर आला. 16 तारखेला एसएमएस आला, "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." खातं बघितलं तर एक रुपया जमा नाही!

तिकीट बंद होणं म्हणजे तक्रार सुटणं नव्हे

इथे बहुतेक जण काय करतात? वैतागून पुन्हा फोन करतात. नवीन तिकीट, नवीन नंबर. बँकेच्या कॉम्प्युटरला ती कालची ताजी तक्रार वाटते. तुम्ही चार महिने भांडताय, पण त्यांच्याकडे चार वेगवेगळ्या छोट्या तक्रारी दिसतात आणि चारही 'बंद'.

याचा फटका पुढे बसतो. बँक ऐकत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, cms.rbi.org.in या साइटवर. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. मग बँकेने 30 दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा तिच्या उत्तराने तुमचं समाधान झालं नाही, तरच लोकपालाकडे जाता येतं. फॉर्ममध्ये बँकेकडे तक्रार केल्याची तारीख भरायची असते, सोबत प्रत जोडायची असते. तिथे तुम्ही शेवटच्या तिकिटाची तारीख टाकली आणि बँकेचं लेखी उत्तरही हातात नसेल, तर तीस दिवस झालेच नाहीत असं दिसतं आणि तक्रार परत येते.

म्हणून एक नियम ठेवा. पहिल्या लेखी तक्रारीचा नंबर हा तुमच्या वादाचा मूळ नंबर. पुढच्या प्रत्येक ईमेलची सुरुवात त्यानेच करायची. 17 सप्टेंबरला मी असं लिहिलं:

"माझी मूळ तक्रार 8 सप्टेंबरची आहे, तिचा नंबर वर दिला आहे. 16 सप्टेंबरला ती सोडवल्याचा एसएमएस आला, पण रक्कम जमा झालेली नाही. ही नवीन तक्रार समजू नये. मूळ तक्रार पुन्हा उघडून लेखी उत्तर द्यावं."

त्यांनी तरीही नवीन नंबर दिला. हरकत नाही. वहीत मूळ नंबरच्या खाली तो लिहिला. आता दोन्ही नंबर एकाच धाग्यात आले.

वहीत पाच रकाने

एक्सेल येत असेल तर उत्तम, नाहीतर साधी वही चालते. तारीख आणि वेळ, कुणाशी बोललो, कोणता नंबर मिळाला, ते काय म्हणाले आणि पुढे कधी विचारायचं. एवढंच. माझी एक नोंद बघा:

"17 सप्टेंबर, सकाळी 11.20. ईमेल. नवीन नंबर मिळाला, मूळ नंबरला जोडला. सात कामाच्या दिवसांत उत्तर देऊ म्हणाले. पुढची तारीख: 29 सप्टेंबर."

शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि वाद तिथेच थंड पडतो. त्यांनी दिलेली मुदत संपली की दुसऱ्या कामाच्या दिवशी विचारायचं. रोज फोन करण्यात अर्थ नाही, तुमचं दुकान कोण सांभाळणार? दुसरी तारीख मूळ तक्रारीनंतरच्या तीस दिवसांची. माझ्यासाठी ती 8 ऑक्टोबर होती. तिसरी, लोकपालाकडे जाण्याची शेवटची मुदत. 2021 च्या योजनेत बँकेचं उत्तर आल्यापासून एक वर्ष दिलं होतं. नियम बदलतात, म्हणून तक्रार करण्याआधी साइटवर चालू मुदत बघून घ्या.

प्रत कशाची ठेवायची?

ॲपमधली चॅट खिडकी बंद केली की बऱ्याचदा जाते. एसएमएस मोबाइल बदलला की जातात. म्हणून त्याच दिवशी स्क्रीनशॉट घ्या आणि त्यात पाठवणाऱ्याचं नाव, तारीख आणि पूर्ण मजकूर दिसतोय ना, ते तपासा. ईमेल पीडीएफ करून ठेवा. स्टेटमेंटचं ते पानही हवं, पैसे कापल्याचा पुरावा तिथेच असतो. फाइलच्या नावात तारीख आधी टाका, वर्षापासून सुरुवात करून:

```
2025-09-08_takrar_email.pdf
2025-09-16_sms_band.jpg
```

असं केलं की फाइल्स आपोआप क्रमाने लागतात. फोनवर बोलणं झालं, तर त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाका: "आज दुपारी झालेल्या बोलण्यात आपण अमुक सांगितलं, नंबर तमुक." तोंडी बोलणं असं कागदावर येतं. शाखेत अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय हलू नका. आणि हो, पुरावा म्हणून पिन, ओटीपी किंवा पासवर्ड दिसेल असा फोटो कुणालाही पाठवू नका.

मग माझे 1770 का बुडाले?

5 ऑक्टोबरला चौथ्यांदा पैसे कापले. 9 तारखेला मी सगळ्या प्रती लावून बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला लिहिलं. 17 तारखेला उत्तर आलं, "मशीन परत आल्याची जूनमधली नोंद आमच्याकडे नाही." 5 नोव्हेंबरला पाचवा हप्ता गेला. शेवटी त्यांनी 8 सप्टेंबरच्या ईमेलची तारीख धरली आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे 1180 परत केले.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे पैसे? "त्याआधी कळवल्याचा पुरावा द्या." माझ्या मोबाइलमध्ये जुलैचा कॉल दिसत होता, पण त्यात मी काय बोललो ते कसं दिसणार? तो तक्रार नंबर असता, तर बँकेलाच स्वतःची नोंद शोधायला लावता आली असती. लोकपालाकडे जायचं म्हटलं, तरी तिथे दाखवायला हातात काहीच नव्हतं.

ज्या तारखेचा कागद होता, त्या तारखेपासूनचे पैसे आले. त्याआधीचे गेले.

तुमचा एखादा वाद आत्ता चालू असेल, तर आज एवढंच करा. पहिली लेखी तक्रार शोधा. तिचा नंबर आणि तारीख वहीच्या पहिल्या ओळीत लिहा, आणि तीस दिवस कधी पूर्ण होतात ते त्याच्या शेजारी मांडा. लेखी तक्रार केलेलीच नसेल, तर दुकान बंद करण्याआधी आजच ईमेल करा. तुमचे दिवस तिथून मोजले जातील.